त्रिकोणी मांडणीत वाफ्याला नेमकी किती रोपे लागतात?

अंगणवेल

आमच्या सोसायटीच्या आवारात कुंपणाची भिंत आणि पायवाट यांच्यामध्ये एक लांबट वाफा आहे. त्याची लांबी ६ मीटर आणि रुंदी १.५ मीटर आहे. या वर्षी दसऱ्याच्या बेताने तेथे बुटका झेंडू, म्हणजे आपल्याकडे ज्याला मखमल म्हणतात तो, लावायचे ठरले आहे. दोन रोपांत ३० सेंटीमीटर अंतर ठेवावे, रोपे एकाआड एक त्रिकोणात लावावीत आणि कडेपासून १५ सेंटीमीटर जागा मोकळी सोडावी, एवढे सर्वांना मान्य आहे. मतभेद आहे तो रोपांच्या संख्येबद्दल.

रोपवाटिकेच्या मालकांनी ११५ रोपे सांगितली. आमच्या समितीतील एका गृहस्थांनी चारही बाजूंची १५ सेंटीमीटर जागा वजा करून ५.७ गुणिले १.२ असे क्षेत्रफळ काढले, प्रत्येक रोपाला लागणाऱ्या जागेने त्याला भागले आणि ८८ हा आकडा दिला. दोघांचेही सूत्र एकच आहे: अंतराचा वर्ग गुणिले ०.८६६ एवढी जागा एका रोपाला. फरक फक्त कडेची जागा वजा करायची की नाही एवढाच आहे, आणि तेवढ्याने २७ रोपांची तफावत पडते. यांतले बरोबर कोणते? रोपे मोजून विकत घ्यायची असल्यामुळे हा प्रश्न नुसता हिशेबाचा राहिलेला नाही.

सह्याद्रीमाळी

रोपवाटिकेचा आकडा बरोबर आहे. चौकोनी मांडणीत तुमच्या वाफ्यात १०० रोपे बसतात, आणि त्रिकोणी मांडणीत नेहमीच सुमारे १५ टक्के जास्त बसतात, म्हणून ११५. कडेची जागा वजा करण्याचे कारण नाही, कारण तुम्ही सोडलेले १५ सेंटीमीटर हे अंतराच्या बरोबर निम्मे आहे आणि कडेच्या रोपाला स्वतःचा घेर पसरण्यासाठी तेवढी जागा लागतेच. ती जागा त्या रोपाच्या वाट्याचीच आहे. समितीतल्या गृहस्थांनी ती वजा केल्यामुळे कडेच्या प्रत्येक रोपाचा अर्धा वाटा हिशेबातून गळाला आहे. म्हणून त्यांचा आकडा कमी येतो.

मोजपट्टी

सह्याद्रीमाळी यांचे कडेबद्दलचे म्हणणे तर्काला धरून आहे, आणि ८८ हा आकडा कमी का येतो याचे त्यांनी दिलेले कारण अगदी योग्य आहे. परंतु तुमच्या वाफ्यात ११५ रोपे बसणार नाहीत. मी बरीच वर्षे सार्वजनिक उद्यानांच्या लागवडीची कामे करून घेतली आहेत. क्षेत्रफळाच्या सूत्रावरून मागवलेली रोपे अरुंद वाफ्याच्या काठावर उरलेली पाहणे हा त्या कामातला नेहमीचा अनुभव असतो.

कारण असे, की रोपे क्षेत्रफळात बसत नाहीत, ती ओळींत बसतात, आणि साडेचार ओळी लावता येत नाहीत. म्हणून आधी ओळी मोजाव्यात. रुंदी १५० सेंटीमीटर आहे, त्यातून दोन्ही बाजूंचे १५ गेले की पहिल्या आणि शेवटच्या ओळीमध्ये जास्तीत जास्त १२० सेंटीमीटर अंतर राहते. त्रिकोणी मांडणीत रोपारोपांतले अंतर ३० असेल, तर ओळींतले अंतर ३० गुणिले ०.८६६, म्हणजे २६ ला अगदी किंचित कमी. १२० ला २६ ने भागले की साडेचारच्या थोडे वर येते. याचा अर्थ ओळींमध्ये चार पूर्ण पट्टे मिळतात आणि चार पट्ट्यांच्या कडांवर पाच ओळी बसतात. पट्टे आणि ओळी यांतला हा एकाचा फरक पुष्कळ लोक विसरतात.

आता एका ओळीतली रोपे पाहू. लांबीतून दोन्ही टोकांचे १५ गेले की ५७० उरतात. त्यात ३० चे बरोबर १९ टप्पे बसतात, म्हणून रोपे २०. दुसरी ओळ मात्र १५ सेंटीमीटर सरकून सुरू होते, त्यामुळे तिला ५५५ सेंटीमीटरच मिळतात, त्यात १८ पूर्ण टप्पे आणि १९ रोपे. पहिली, तिसरी आणि पाचवी ओळ मिळून ६०, दुसरी आणि चौथी मिळून ३८. एकूण ९८.

संगणकावर करायचे असल्यास तक्त्यात एवढेच पुरते. सर्व मापे सेंटीमीटरमध्ये द्यावीत. `L` ही लांबी, `W` ही रुंदी, `s` हे अंतर आणि `e` ही कडेची मोकळी जागा:

```
R  = INT((W-2*e)/(0.866*s)) + 1
N1 = INT((L-2*e)/s) + 1
N2 = INT((L-2*e-s/2)/s) + 1
N  = N1*INT((R+1)/2) + N2*INT(R/2)
```

`R` म्हणजे ओळी, `N1` म्हणजे विषम ओळीतली रोपे आणि `N2` म्हणजे सम ओळीतली.

शिवारातला

एवढा खटाटोप कशासाठी, हे मला कळत नाही. आम्ही जुन्नरकडे झेंडू लावतो तो गुंठ्याच्या हिशेबाने. ४५ सेंटीमीटरवर चौकोनात लावला तर गुंठ्याला ५०० रोपे आणि त्रिकोणात लावला तर ५७५ च्या पुढे. हा हिशेब कधी चुकलेला नाही. कड कोणी धरत नाही. शिवाय ओळींतले अंतर ठिबकच्या नळ्या कुठे आहेत त्यावर ठरते, ०.८६६ वर नाही. दोन नळ्यांच्या गादीवाफ्यावर नागमोडी लावले की झाले.

मोजपट्टी

आपल्या शेतासाठी आपला हिशेब बरोबरच आहे, आणि सोसायटीच्या वाफ्यासाठी तो का चालत नाही हे त्याच उदाहरणातून दिसते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. ४५ सेंटीमीटरच्या त्रिकोणी मांडणीत एका रोपाला ०.१७५ चौरस मीटर जागा लागते, म्हणून ५७७ रोपे. एवढ्या मोठ्या तुकड्यात ओळी पंचवीसएक असतात. शेवटी अर्धी ओळ वाया गेली किंवा प्रत्येक सम ओळीत एक रोप कमी पडले, तरी एकूण संख्येत ते फारसे जाणवत नाही. पाच ओळींच्या वाफ्यात मात्र अर्धी ओळ वाया जाणे म्हणजे दहावा हिस्सा वाया जाणे. क्षेत्रफळाचे सूत्र खोटे नाही. ते किती मोठ्या वाफ्याला लावायचे एवढेच पाहावे लागते. माझा ढोबळ नियम असा आहे, की अरुंद बाजूला दहापेक्षा कमी ओळी बसत असतील, तर सूत्र बाजूला ठेवून ओळी मोजाव्यात.

ठिबकबद्दल आपले म्हणणे मान्य आहे. नळ्या आधीच अंथरलेल्या असतील, तर त्याच ओळी ठरवतात.

अंगणवेल

आपला हिशेब मी कागदावर ठिपके काढून ताडून पाहिला, ९८ च येतात. पण मग एक विचित्र गोष्ट समोर येते. चौकोनी मांडणीत याच वाफ्यात रुंदीला पाच आणि लांबीला वीस, म्हणजे १०० रोपे बसतात. त्रिकोणी मांडणी दाट असते असे सगळीकडे वाचायला मिळते, आणि येथे ती चौकोनीपेक्षा दोन रोपांनी विरळ निघते. मग त्रिकोणाचा आग्रह कशासाठी धरायचा?

कडेलोट

कडेच्या १५ सेंटीमीटरमध्ये काय लावायचे ठरवले आहे? आमच्या इमारतीत लाल अल्टरनँथेराची ओळ लावली आहे, ती कातरून ठेवली की झेंडूच्या पिवळ्या रंगापुढे उठून दिसते. दुर्वा लावू नयेत, त्या वाफ्यात शिरतात.

मोजपट्टी

कडेलोट, येथे कडेची जागा म्हणजे किनारीच्या झाडांची जागा नव्हे. ती मोकळीच राहते, आणि झेंडू पसरला की त्याच्या घेराने ती झाकली जाते. किनार लावायचीच असेल, तर झेंडूचा वाफा त्या किनारीच्या आतून मोजावा लागतो. चारही बाजूंना १५ सेंटीमीटरची अल्टरनँथेराची पट्टी धरली, तर झेंडूसाठी ५७० गुणिले १२० चा वाफा उरतो, आणि त्यातही पुन्हा १५ ची कड सोडावी लागते. मग ओळी चारच बसतात आणि रोपे ७४. किनारीच्या एका पट्टीने २४ रोपे कमी होतात, हे खरेदीपूर्वी लक्षात असलेले बरे.

रेषाबिंदू

मी गणित शिकवतो, बागकाम बेताचेच. परंतु अंगणवेल यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यावेसे वाटले. त्रिकोणी मांडणी चौकोनीपेक्षा १५ टक्के दाट असते, हे अमर्याद पसरलेल्या मैदानाबद्दलचे विधान आहे. येथे चौकोनी मांडणीला तुमच्या वाफ्याने फार मोठी मेहेरबानी केली आहे, कारण १२० आणि ५७० या दोन्ही संख्यांना ३० ने नि:शेष भाग जातो. एक इंचही वाया गेलेला नाही. त्रिकोणी मांडणीत मात्र रुंदीतले १६ सेंटीमीटर उरतात, आणि वर सम ओळींत एकेक रोप कमी. तुमचा वाफा १.४५ मीटर रुंद असता, तर चौकोनी मांडणी चार ओळींवर, म्हणजे ८० रोपांवर आली असती आणि त्रिकोणी तरीही ९८ वर राहिली असती.

दुसरी गोष्ट अशी, की ओळी लांबीच्या दिशेनेच काढल्या पाहिजेत असे कोठे आहे? त्या आडव्या, म्हणजे भिंतीकडून पायवाटेकडे काढून पाहा. मग विषम ओळीत ५ आणि सम ओळीत ४ रोपे. ५७० सेंटीमीटरमध्ये २६ चे २१ पूर्ण पट्टे बसतात, म्हणून २२ ओळी, आणि एकूण ९९ रोपे. येथे मोजपट्टी यांच्या सूत्रातली एक खोच दिसते. बावीस पट्ट्यांना ५७१.६ सेंटीमीटर लागतात आणि आपल्याजवळ ५७० आहेत. फक्त १.६ सेंटीमीटर कमी पडल्यामुळे सूत्र एक अख्खी ओळ कापून टाकते. प्रत्येक पट्टा एका मिलीमीटरहूनही कमी आवळला, की २३ ओळी बसतात, त्यांत १२ ओळी पाचच्या आणि ११ ओळी चारच्या, म्हणून १०४ रोपे. सूत्राने दिलेली संख्या पाहण्याबरोबर भागाकारात किती शिल्लक राहिली तेही पाहिले पाहिजे. शिल्लक पूर्णांकाच्या अगदी जवळ असेल, तर सूत्राचे ऐकू नये.

वाटसरू२

१०४ हा आकडा चांगला आहे. रोपवाटिकेत १०४ खाचांचे प्रोट्रे मिळतात, एक ट्रे उचलला की काम झाले. ९८ खाचांचेही असतात, म्हणजे पहिल्या हिशेबालाही ट्रे तयारच आहे!

मोजपट्टी

ट्रेच्या प्रत्येक खाचेत लावण्याजोगे रोप असतेच असे नाही, म्हणून नेमका एक ट्रे घेऊन काम होत नाही. पण त्याकडे नंतर येतो.

रेषाबिंदू यांनी शिलकीचा मुद्दा काढला, तो मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि अंगणवेल यांच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे. लांबीच्या दिशेने पाच ओळी लावल्यावर रुंदीत १६ सेंटीमीटर उरतात. या १६ सेंटीमीटरचे काय करायचे हे ठरवणे म्हणजेच मांडणी ठरवणे. बहुतेक माळी त्यांचे काहीच करत नाहीत. ते पायवाटेच्या बाजूने मोजायला सुरुवात करतात आणि सगळी शिल्लक भिंतीकडे ढकलतात. मग भिंतीपाशी ३१ सेंटीमीटरचा उघडा पट्टा राहतो आणि त्यात तण माजते. थोडे शहाणे माळी आठ-आठ सेंटीमीटर दोन्हीकडे वाटतात. काही जण ओळींतले अंतर २६ वरून ३० करतात. त्याने वाफा भरतो, पण शेजारच्या ओळीतल्या रोपाचे तिरके अंतर साडेतेहतीस होते. रोपे एकाआड एक दिसतात, म्हणून त्याला त्रिकोणी मांडणी म्हणायचे, एवढेच. संख्या ९८ च राहते.

त्याऐवजी सहावी ओळ बसवून पाहावी. १२० ला पाच पट्ट्यांत वाटले, तर ओळींतले अंतर २४ सेंटीमीटर होते. ओळीतले अंतर ३० च ठेवले, तर तिरके अंतर किती येते ते पाहा: १५ चा वर्ग २२५, २४ चा वर्ग ५७६, बेरीज ८०१, आणि त्याचे वर्गमूळ २८.३. म्हणजे तिरक्या शेजाऱ्यांतले अंतर पावणेदोन सेंटीमीटरने कमी झाले, आणि मिळाल्या तीन ओळी वीसच्या व तीन ओळी एकोणीसच्या, एकूण ११७ रोपे. हाताने खड्डे करताना एवढा फरक तसाही पडत असतो.

दुसरा मार्ग कडेचा आहे. खरे ३० सेंटीमीटर सगळीकडे राखायचे असतील, तर सहा ओळींना १३० सेंटीमीटर लागतात. म्हणजे लांब बाजूंना कड १५ च्या ऐवजी १० धरली, की तीच ११७ रोपे पूर्ण अंतरावर बसतात. कडेचे रोप मोठे झाल्यावर पाचेक सेंटीमीटर पायवाटेवर येईल, एवढाच त्याचा खर्च आहे.

त्रिकोणाचा आग्रह का, याचे माझ्यापुरते उत्तर असे. ती मांडणी दाट करण्यासाठी मी वापरत नाही. चौकोनात चार रोपांच्या मध्ये जो उघडा ठिपका राहतो, तो रोपापासून २१ सेंटीमीटर दूर असतो. त्रिकोणात तोच ठिपका १७ सेंटीमीटरवर येतो. त्यामुळे घेर मिळून माती लवकर झाकली जाते आणि वाफा फुलल्यावर उभ्या-आडव्या रेघा दिसत नाहीत.

चिरेबंदी

मूळ प्रश्न थोडा बाजूला ठेवून माझे विचारतो. सावंतवाडीला आमच्या अंगणात तुळशीवृंदावनाभोवती चिऱ्यांनी बांधलेला गोल वाफा आहे, आतला व्यास २ मीटर, आणि मध्ये वृंदावनाचा चौथरा ४५ सेंटीमीटरचा चौरस. त्यात २५ सेंटीमीटरवर झेंडू लावायचा आहे. वरचे सूत्र गोलाला लावता येईल का?

रेषाबिंदू

लावता येणार नाही, आणि गोलात सरळ ओळी काढूही नयेत, कारण कडेला सगळीकडे तुटक जागा राहतात. कडेशी समांतर वर्तुळे काढावीत. साडेबारा सेंटीमीटर कड सोडली, तर बाहेरच्या वर्तुळाची त्रिज्या साडेसत्याऐंशी येते आणि त्यावर २२ रोपे बसतात. २५ ला ०.८६६ ने गुणून येणारे २१.६ सेंटीमीटर आत सरकले की दुसऱ्या वर्तुळावर १६, आणि आणखी तेवढेच आत गेले की तिसऱ्यावर ११. त्याच्या आत चौथऱ्याचे कोपरे येतात. एकूण ४९. बावीस आणि सोळा रोपे एकाआड एक बसू शकत नाहीत, त्यामुळे काही ठिकाणी दोन वर्तुळांतली रोपे समोरासमोर येतील आणि त्यांच्यात २५ च्या ऐवजी २१.६ एवढेच अंतर राहील. ते चालवून घ्यावे लागते.

अंगणवेल

सहा ओळींचा विचार समितीला पटला आहे, आणि कड १० करावी की ओळी २४ वर आणाव्यात यावर काल बोलणे झाले. मोजपट्टी, आपण सुचवाल ते आम्ही करू. आणखी काही मोजून सांगायचे असल्यास सांगावे.

मोजपट्टी

दोन गोष्टी पाहाव्यात. दिलेले १.५ मीटर हे विटांच्या आतून आतपर्यंतचे माप आहे का? आणि पायवाटेच्या बाजूच्या विटेला लागून आठ-दहा सेंटीमीटर खोल खुरप्याने उकरून पाहावे. विटांची किनार बसवताना गवंडी विटेच्या पायाशी आतल्या बाजूने काँक्रीट दाबून ठेवतो. वरून मातीच दिसते, पण खाली मुळांना जागा नसते. कडेच्याच ओळीची रोपे दुपारी आधी माना टाकतात आणि पाणी घातले तरी खुजी राहतात, तेव्हा बहुतेकदा कारण हेच असते.

अंगणवेल

माप आतूनच आहे. पायवाटेच्या बाजूला उकरल्यावर आपण म्हणता तसे काँक्रीट लागले. ते विटेपासून आत सुमारे ८ सेंटीमीटर आले आहे. भिंतीच्या बाजूला सरळ माती आहे, निदान वीतभर तरी.

मोजपट्टी

मग पायवाटेच्या बाजूची कड १० करू नये. रोप काँक्रीटपासून अवघ्या २ सेंटीमीटरवर येईल. तेथे १५ च ठेवावी, म्हणजे मुळांना निदान ७ सेंटीमीटर तरी मिळतात. भिंतीच्या बाजूला मात्र १० चालेल. असे केल्याने पहिली आणि शेवटची ओळ यांत १२५ सेंटीमीटर मिळतात, पाच पट्टे २५ चे पडतात आणि तिरके अंतर २९ च्या थोडे वर येते. संख्या ११७ च. पंचवीस हा आकडा टेपवर मोजायलाही सोयीचा आहे.

आखणी करताना पायवाटेच्या बाजूने सुरुवात करावी. विटेपासून १५ वर दोन खुंट्यांना सुतळी ताणावी आणि टेप हलवू न देता टोकापासून १५, ४५, ७५ असे ५८५ पर्यंत फक्कीचे ठिपके द्यावेत. एका ठिपक्यावरून पुढचा ठिपका ३० सेंटीमीटरच्या काठीने मोजत जाऊ नये. प्रत्येक वेळी अर्धा सेंटीमीटर सरकला, तरी विसाव्या रोपापर्यंत दहाएक सेंटीमीटरची चूक साचते आणि शेवटचे रोप कडेत घुसते. दुसरी सुतळी २५ वर, आणि तिच्यावर ठिपके ३०, ६०, ९० असे ५७० पर्यंत. पुढे हीच जोडी पुन्हा. तीन ओळी आखून झाल्या की मधल्या कोणत्याही ठिपक्यापासून शेजारच्या ओळीतल्या दोन्ही ठिपक्यांचे अंतर मोजावे. दोन्ही २९ च्या आसपास आले पाहिजेत. एक २७ आणि दुसरे ३२ आले, तर त्या ओळीतले ठिपके लांबीच्या दिशेने सरकले आहेत; सुतळी न हलवता ठिपके दुरुस्त करावेत.

मागणी १३० रोपांची द्यावी. ११७ वर सुमारे दहा टक्के तूट धरली आहे. एक १०४ चा ट्रे आणि वर सुटी २६ रोपे मागावीत. उरलेली रोपे कुंड्यांत लावून जवळच ठेवावीत आणि पहिल्या पंधरवड्यात जेथे मर होईल तेथे तीच लावावीत. त्यानंतर सांधलेले रोप शेजाऱ्यांच्या सावलीत मागे पडते.

सह्याद्रीमाळी

आखणीबद्दल काही म्हणणे नाही, पण भिंतीच्या बाजूला १० सेंटीमीटर मला पटत नाहीत. भिंतीचा पावसाचा आडोसा असतो, तेथली माती आधी सुकते, आणि दुपारी भिंत तापते. तेथे लाल कोळी सर्वांत आधी येतो, असे मी पाहिले आहे. भिंतीकडे उलट २० सोडावेत. रोप उजेडाकडे झुकते, ते पायवाटेकडेच येणार, मागे रिकामे राहिले तरी कोणाला दिसणार आहे?

मोजपट्टी

२० सोडले, तर पट्टे २३ चे होतात आणि तिरके अंतर साडेसत्तावीसवर येते. उन्हाळी लागवड असती तर मी तेही मान्य केले असते. ही लागवड पावसाळ्याच्या शेवटी आहे. पाने रात्रभर ओली राहतात, म्हणून मधल्या ओळींत हवा खेळणे मला भिंतीच्या तापण्यापेक्षा महत्त्वाचे वाटते. दाट झालेल्या वाफ्यात फुले आतून कुजायला लागतात आणि वरून वाफा भरगच्च दिसत असल्यामुळे ते उशिरा कळते. भिंत कोणत्या दिशेला आहे, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

अंगणवेल

भिंत वाफ्याच्या पश्चिमेला आहे, आणि दुपारी तीननंतर तिची सावली वाफ्यावर पडते.

सह्याद्रीमाळी

मग ती वाफ्याच्या बाजूने दुपारी तापणार नाही, सकाळचे ऊन मात्र थेट घेईल. सुकण्याचा मुद्दा तरीही राहतो. निदान २० आणि सहा ओळी असे नको असेल, तर पाचच ओळी २६ वर लावाव्यात आणि सगळी शिल्लक भिंतीकडे जाऊ द्यावी. ९८ रोपांचा वाफाही भरतो, फक्त शेंडे वेळेवर खुडले पाहिजेत.

शिवारातला

लागणीनंतर तीन-चार आठवड्यांनी शेंडा खुडला, तर फांद्या फुटून घेर वाढतो हे खरे, पण फूल आठ-दहा दिवस लांबते. दसरा गाठायचा असेल तर खुडण्याचा दिवस आधी ठरवा आणि मग रोपे किती ते बघा. बुटक्या जातीला आम्ही खुडतच नाही.

मोजपट्टी

बुटक्या जातीला खुडण्याची गरज नाही याबाबत मी आपल्याशी सहमत आहे. अंगणवेल, न खुडता पाच ओळी ठेवल्या तर भिंतीकडचा पट्टा दसऱ्यापर्यंत उघडाच दिसेल असे माझे मत आहे. सह्याद्रीमाळी यांचे तसे नाही. वाफा सहा मीटरचा आहे. समितीची हरकत नसेल, तर रोपे १३० च मागवून भिंतीकडची ओळ अर्ध्या लांबीत १० वर आणि अर्ध्या लांबीत २० वर लावून पाहता येईल. त्या अर्ध्या भागात पाचही पट्टे २३ चे आखावे लागतील, आणि जेथे दोन भाग मिळतात तेथे ओळींना किंचित बाक येईल.

अंगणवेल

समितीला बाक चालणार नाही, त्यांना सुतळीसारख्या ओळी हव्या आहेत. १३० रोपांची मागणी आज दिली आहे. भिंतीकडे १० की २० हे रविवारी आखणीच्या वेळी ठरेल. त्याआधी भिंतीपाशी आणि वाफ्याच्या मध्यावर खुरप्याने माती उकरून ओल किती खोलवर आहे ते पाहून येथे लिहिते.